खिडक्या धरल्या की सोडल्या?

गणपती गेले, पाऊस ओसरला की दसरा-दिवाळीच्या आत घराला रंग काढून घेण्याची घाई सुरू होते. पेंटर येतो, खोल्यांमधून एक फेरी मारतो, कधी टेप लावतो, कधी नुसती नजर फिरवतो आणि एक आकडा सांगतो. "एकवीसशे स्क्वेअर फूट भरेल." मग मालक विचारतो, "दारं-खिडक्या धरून की सोडून?" इथून पुढचा संवाद बहुतेक घरांमध्ये सारखाच असतो. पेंटर म्हणतो, सगळीकडे अशीच पद्धत आहे. मालकाला वाटतं, जिथे काच आहे तिथल्या रंगाचे पैसे आपण का द्यायचे? दोघांपैकी कोणीच चुकीचं बोलत नसतं, कारण दोघं वेगवेगळ्या आकड्यांबद्दल बोलत असतात.

रंगकामात क्षेत्रफळाचे आकडे दोन असतात. एक आकडा रंग किती विकत आणायचा ते ठरवतो. तो भिंतीवर खरोखर रंग लागणाऱ्या जागेचा असतो आणि त्यात रूढी किंवा घासाघीस यांना काही स्थान नसतं. दुसरा आकडा मजुरीचा. तो ठरावाचा असतो, आणि ठराव काहीही असू शकतो, दोघांना मान्य असला म्हणजे झालं. पहिल्या आकड्याच्या जागी दुसरा वापरला तर डबे उरतात. दुसऱ्याच्या जागी पहिला वापरायचा आग्रह धरला तर पेंटर दर वाढवून सांगतो. म्हणून आधी पहिला आकडा स्वतः काढावा आणि तो हातात ठेवून दुसऱ्याची बोलणी करावीत. या कामाला एक टेप, एक कागद आणि अर्धा तास पुरतो.

फ्लॅटमधली एक नेहमीची बेडरूम घेऊ. लांबी १२ फूट, रुंदी १० फूट. फरशीपासून छतापर्यंत उंची ९ फूट ४ इंच. खाली चार इंचांची स्कर्टिंग आहे, म्हणजे फरशीच्याच तुकड्यांची ती पट्टी. तिला रंग लागत नाही, म्हणून उंची फरशीपासून न मोजता स्कर्टिंगच्या वरच्या कडेपासून मोजायची. ती ९ फूट भरते. वर पीओपीचं फॉल्स सीलिंग असेल तर टेप त्याच्या खालच्या कडेपर्यंतच न्यायचा, वरच्या स्लॅबपर्यंत नाही.

चार भिंतींचं वेगवेगळं गणित करायची गरज नाही. खोलीचा घेर काढायचा: १२ आणि १० मिळून २२, त्याची दुप्पट ४४ फूट. त्याला उंचीने गुणलं की ४४ गुणिले ९, म्हणजे ३९६ चौरस फूट. भिंतींचा हा एकूण आकडा. छत वेगळं, १२ गुणिले १० म्हणजे १२० चौरस फूट. छताचा रंग बहुधा पांढरा आणि वेगळ्या प्रतीचा असतो, म्हणून तो आकडा भिंतींत मिसळू नये.

इथे एक सापळा आहे आणि त्यात शिकलेली माणसंही अडकतात. ९ फूट ४ इंच म्हणजे ९.४ फूट नव्हे. फुटात इंच बारा असतात, त्यामुळे ४ इंच म्हणजे ०.३३ फूट. १२ फूट ११ इंच ही लांबी कॅल्क्युलेटरवर १२.११ अशी टाकली तर जवळजवळ १० इंच भिंत गायब होते, कारण खरा आकडा १२.९२ आहे. टेपवरचे इंच आधी बाराने भागायचे आणि मगच गुणाकाराला बसायचं.

आता वजाबाकी. या खोलीला एक ३ फूट रुंद, ७ फूट उंच दार आहे, बाथरूमचं अडीच फूट रुंद आणि ७ फूट उंच दार आहे आणि ५ बाय ४ फुटांची एक खिडकी आहे. दार मोजताना नुसती फळी मोजायची नाही. चौकट धरून, बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोजायचं, कारण चौकटीलाही भिंतीचा रंग लागत नाही. खिडकीला ग्रॅनाइटची पट्टी असेल तर तीही मापात घ्यायची. आणखी एक बारकावा: आपण भिंतीची उंची स्कर्टिंगच्या वरून धरली आहे, मग दारही तिथूनच धरायला हवं. दार ७ फुटांचं असलं तरी त्यातले खालचे ४ इंच आपल्या ३९६ मध्ये मुळात नाहीतच. म्हणून उंची ६ फूट ८ इंच, म्हणजे ६.६७ फूट. मोठं दार २० चौरस फूट, बाथरूमचं सुमारे १७ आणि खिडकी २०. एकूण ५७ चौरस फूट.

३९६ मधून ५७ गेले, ३३९ उरले. वाद ज्यावरून होतो ती दारं-खिडक्यांची सगळी जागा या खोलीत एकूण भिंतीच्या साधारण १४ टक्के आहे. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

वजाबाकी इथे संपली असं बहुतेकांना वाटतं, पण याच खोलीच्या कोपऱ्यात भिंतीत पक्कं बसवलेलं कपाट आहे. ६ फूट रुंद, २ फूट खोल आणि वर लॉफ्टसह थेट छतापर्यंत. त्याच्या मागची ६ फूट भिंत आणि बाजूची २ फूट भिंत दिसत नाही, रंगवलीही जात नाही. ८ गुणिले ९ म्हणजे ७२ चौरस फूट. एकटं कपाट दोन्ही दारं आणि खिडकी यांच्या बेरजेपेक्षा जास्त भिंत खातं! खिडकीच्या २० फुटांवरून तासभर हुज्जत घालणारा मालक कपाटाबद्दल एक अक्षर काढत नाही, आणि पेंटरही अर्थातच आठवण करून देत नाही. ३३९ मधून ७२ वजा केले की २६७ राहतात. छतातूनही कपाटाखाली झाकलेले १२ फूट जातात आणि १०८ उरतात. हलवता येणारं कपाट, पलंग, फ्रीज यांच्यामागे मात्र रंग लागतो, ते वजा करायचे नाहीत. स्वयंपाकघरात ओट्यामागच्या टाइल्स आणि वरची कपाटं, बाथरूममध्ये टाइल्सची पूर्ण उंची हाच न्याय लागतो.

तर या खोलीचा रंगाचा खरा आकडा भिंतींसाठी २६७ चौरस फूट आहे.

आता पेंटरची बाजू. उघड्या जागेचं माप कापायला तो नाखूश असतो, त्यामागे नुसता लोभ नसतो. खिडकी म्हणजे भिंतीला पाडलेलं भोक, आणि भोकाला जाडी असते. फ्लॅटमध्ये खिडकीला चारी बाजूंनी ग्रॅनाइट असेल तर ही जाडी झाकली जाते. पण जुन्या दगड-विटांच्या घरांत किंवा गावाकडच्या जाड भिंतींत खिडकीच्या आत तीन बाजूंनी भिंतीच्या जाडीच्या पट्ट्या दिसतात. त्यांनाही रंग लागतो. ४ बाय ४ ची खिडकी घ्या, आतली पट्टी १० इंच रुंद. वर एक आणि बाजूंना दोन अशा ४ फुटी तीन पट्ट्या म्हणजे १२ फूट लांबी, १० इंच रुंदी, बरोबर १० चौरस फूट. खिडकीचे १६ वजा केले तर हे १० परत मिळवावे लागतात. खरी वजाबाकी फक्त ६ चौरस फुटांची झाली.

भोक लहान असेल तर गंमत आणखी वाढते. २ फूट बाय दीड फुटाचा झरोका घ्या. क्षेत्रफळ ३ चौरस फूट. त्याचा घेर ७ फूट आणि आतली पट्टी चारही बाजूंनी ९ इंचांची असेल तर पट्ट्यांचं क्षेत्रफळ सव्वापाच चौरस फूट होतं. म्हणजे भिंतीला भोक पाडल्यामुळे रंगाची जागा कमी न होता वाढली. शिवाय कडा सांभाळत, चौकटीवर डाग न पाडता ब्रशने काम करायचं, तो वेळ वेगळा. सपाट भिंतीवर रोलर फिरवणं त्यापेक्षा कितीतरी सोपं.

मोजमापाच्या भारतीय मानकात हे सगळं धरलेलं आहे. बांधकामाची मापं कशी घ्यायची ते सांगणारं आयएस १२०० हे मानक अनेक भागांत आहे आणि त्यातला तेरावा भाग पांढरा रंग, डिस्टेंपर आणि भिंतींच्या रंगकामाचा आहे. त्याचा सरळ अर्थ असा: अर्धा चौरस मीटर, म्हणजे सुमारे ५.४ चौरस फूट, एवढ्यापर्यंतचं भोक वजा करायचं नाही आणि त्याच्या कडांचे पैसेही वेगळे द्यायचे नाहीत. अर्ध्यापासून ३ चौरस मीटरपर्यंत, म्हणजे सुमारे ३२ चौरस फुटांपर्यंतच्या भोकासाठी भिंतीच्या दोन्ही बाजूंना तेच काम असेल तर वजाबाकी एकाच बाजूची करायची, दोन्ही बाजूंची नाही. दुसरी बाजू सोडून दिली ती आतल्या कडांच्या बदल्यात. त्याहून मोठं भोक असेल तर मात्र दोन्ही बाजूंनी पूर्ण वजा करायचं आणि कडा मोजून मिळवायच्या.

घरातली नेहमीची दारं आणि खिडक्या मधल्या गटात बसतात. हॉल आणि बेडरूम यांच्यामधलं दार दोन्ही खोल्यांत वजा करायचा आग्रह मालक धरतो, पेंटर एकाही खोलीत करत नाही आणि मानक सांगतं की एकदाच करा. म्हणजे "प्रत्येक बाजूला अर्धं" हा तोडगा बाजारात निघतो तो मानकाच्या अगदी जवळ जाणारा आहे. पेंटर आणि मालक यांचं खासगी काम मानकाने बांधलेलं नसतं, पण बोलणी अडली की मध्यावर येण्यासाठी ही जागा चांगली आहे.

आणखी एक गोष्ट. भिंतीतून वजा केलेलं लाकडी दार बिलातून नाहीसं होत नाही. त्याला ऑइल पेंट किंवा पॉलिश होणार असेल तर ते त्या खात्यात येतं आणि तिथे त्याचं माप वाढतं. सपाट फ्लश दाराचं क्षेत्रफळ प्रत्येक बाजूला १.२० ने आणि पॅनेलच्या दाराचं १.३० ने गुणायची सरकारी कामांतली पद्धत आहे, कारण कडा, चौकट आणि पॅनेलच्या खाचा यांनाही रंग जातो. दार भिंतीतही मोजलं आणि ऑइल पेंटमध्येही मोजलं असं एखाद्या बिलात दिसलं, तर तिथे बोट ठेवायला हरकत नाही.

आता हात. रंगाचे थर म्हणजे कोट, पेंटरच्या भाषेत हात. "दोन हात मारतो" म्हणजे २६७ चौरस फूट भिंत दोनदा रंगवायची, एकूण ५३४ चौरस फूट. डबे आणायचे ते या ५३४ साठी.

एक लिटर रंग किती भिंतीला पुरतो ते डब्यावर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकावर लिहिलेलं असतं. ते नीट वाचायला हवं, कारण हा आकडा कुठे एका हाताचा दिलेला असतो, कुठे दोन हातांचा. समजा आपल्या डब्यावर एका हातासाठी लिटरला १३० चौरस फूट असं लिहिलं आहे. ५३४ भागिले १३० म्हणजे ४.१ लिटर. रोलरमध्ये, ब्रशमध्ये, ट्रेमध्ये अडकणारा आणि नंतरच्या टचअपसाठी लागणारा रंग म्हणून १० टक्के वाढवले की साडेचार लिटर. दुकानात ४ लिटरचा एक आणि १ लिटरचा एक असे दोन डबे घ्यायचे. छताच्या १०८ फुटांना त्याच हिशेबाने दोन हातांचे १.७ लिटर लागतात, वाढीसह २ लिटर पुरतात.

आता मघाचे १४ टक्के आठवा. दारं आणि खिडकी वजा करायला विसरलो असतो तर साडेचारऐवजी साडेपाच लिटर आले असते. चूक एका लिटरची. पण डब्यावरचे १३० दोन हातांचे आहेत असं समजून बसलो असतो तर दोनच लिटर आणले असते आणि काम अर्ध्यावर थांबलं असतं. उलट, डब्यावर दोन हातांसाठी ६५ लिहिलेलं असताना ते एका हाताचं समजलो असतो तर नऊ लिटर घरी आले असते. खिडकीवरून होणारा वाद ऐकला की मला हेच वाटतं: हातांची संख्या आणि लिटरची व्याप्ती हे दोन आकडे पक्के नसतील, तर खिडकी कितीही अचूक मोजली तरी उपयोग नाही.

हा १३० चा आकडा कुठून येतो? लिटरभर रंग १३० चौरस फुटांवर, म्हणजे १२ चौरस मीटरवर पसरला की ओल्या थराची जाडी सुमारे ८३ मायक्रॉन होते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. इमल्शनमधलं पाणी उडून गेल्यावर साधारण तिसरा हिस्सा भिंतीवर राहतो, म्हणजे ३० मायक्रॉनच्या आसपास, डोक्यावरच्या केसाच्या निम्म्याहून पातळ. एवढ्या पातळ थरातून खालचा रंग डोकावतो, रोलरच्या रेघा दिसतात, म्हणून दुसरा हात. दोन हातांची गरज अशी जाडीतून आलेली आहे. जाडी भरली नाही तर हातांची संख्या भरून काही साधत नाही.

आणि जाडी चोरण्याचा मार्ग म्हणजे पाणी. इमल्शन दाट असतं, त्यात पाणी घालावंच लागतं आणि किती घालायचं तेही डब्यावर असतं. समजा लिटरला ४०० मिलिलिटर लिहिलं आहे. आपल्या भिंतीच्या एका हाताला २ लिटर रंग लागतो, त्यात ८०० मिलिलिटर पाणी घातलं की बादलीत २.८ लिटर मिश्रण होतं. आता कोणी १.४ लिटर रंगात तेवढंच १.४ लिटर पाणी घातलं तर? बादलीत पुन्हा २.८ लिटरच. बादली तेवढीच भरलेली, भिंत तेवढीच ओली, रोलर तेवढाच फिरलेला. पण वाळल्यावर थर ३० ऐवजी २० मायक्रॉनचा. दोन्ही हात मारले, तुमच्यासमोर मारले आणि तरी एक तृतीयांश रंग डब्यात राहिला. असा रंग पुढच्या वर्षी स्विचबोर्डाजवळचे हाताचे डाग ओल्या फडक्याने पुसताना फडक्यावर उतरतो.

हे ओळखण्याचा उपाय सोपा आहे आणि त्यासाठी पेंटरच्या मागे उभं राहावं लागत नाही. डब्यावरची व्याप्ती पाणी न घातलेल्या रंगाची आहे का ते आधी वाचून घ्या. साधारणपणे ती तशीच असते. मग पहिला हात पूर्ण झाला की डब्यातून किती रंग गेला ते बघा. आपल्या खोलीत २ लिटरच्या आसपास जायला हवा. दीड लिटरपेक्षा कमी गेला असेल तर पाणी जास्त झालं. तीन लिटर गेला असेल तर पेंटरचा दोष नाही, भिंत रंग पिते आहे.

भिंत रंग कधी पिते? नवी पुट्टी किंवा लांबी भरून पॉलिश पेपरने घासलेली भिंत कोरडी आणि सच्छिद्र असते. तिच्यावर प्रायमर न मारता थेट रंग लावला तर पहिल्या हातातलं पाणी आणि रंगाला धरून ठेवणारा चिकट भाग भिंत शोषून घेते. प्रायमरचा एक हात हे शोषण थांबवतो. म्हणून नव्या भिंतीचा हिशेब प्रायमर एक, रंग दोन असा करायचा आणि प्रायमरचे लिटर वेगळे काढायचे, त्याची व्याप्ती त्याच्या डब्यावर बघून. जुना इमल्शन रंग घट्ट असेल, पोपडे नसतील आणि छटा जवळची असेल तर भेगा बुजवून, तेवढ्याच ठिकाणी प्रायमर लावून दोन हातांत भागतं. बाहेरच्या खडबडीत, रेतीच्या गिलाव्याच्या भिंतीला मात्र हे आकडे अजिबात लावू नयेत. तिथे सपाट मापापेक्षा खरा पृष्ठभाग बराच जास्त असतो आणि लिटर फार लवकर संपतो. पावसाची ओल अजून भिंतीत असेल तर कोणतंच गणित चालत नाही, आधी ती वाळू द्यावी.

तिसरा हात कधी लागतो ते बहुधा छटेवर ठरतं. फिक्या छटांमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड हा पांढरा रंगकण भरपूर असतो आणि खालचं झाकण्याची ताकद त्याचीच. गडद लाल, हळदीसारखा पिवळा, भगवा अशा छटा ज्या बेसमध्ये बनवतात त्यात हा पांढरा कण फार थोडा असतो, नाहीतर छटा गडद होणारच नाही. त्यामुळे डब्यात भडक दिसणारा रंग भिंतीवर दोन हातांनंतरही पारदर्शक राहतो. एकच भिंत लाल करायची हौस असेल तर त्या भिंतीसाठी तीन हात धरूनच हिशेब करावा. उलट, जुन्या गडद भिंतीवर फिकी छटा आणायची असेल तर आधी पांढऱ्या प्रायमरचा एक हात देणं तिसऱ्या हातापेक्षा स्वस्त पडतं. शंका असेल तर एक लिटर आणून फूटभर चौकोनावर दोन हात मारून बघा, दुसऱ्या दिवशी उजेडात आणि रात्री ट्यूबलाइटखाली. आपल्या खोलीत सगळ्या भिंतींना तिसरा हात द्यायचा म्हटलं तर आणखी सव्वादोन लिटर लागतील.

आता तो सुरुवातीचा एकवीसशेचा आकडा कुठून आला ते पाहू. बाजारात एक ठोकताळा आहे: घराचा कार्पेट एरिया गुणिले साडेतीन. ६०० चौरस फुटांच्या घराला २१००. यात भिंती आणि छत दोन्ही आले. टेप न लावता बोललेला आकडा बहुधा असाच येतो. तो खोटा नाही, पण खोलीच्या आकाराशी त्याचं जमत नाही. ८ बाय ८ च्या खोलीला भिंती तिच्या फरशीच्या साडेचारपट असतात. खोली मोठी झाली की फरशी झपाट्याने वाढते, भिंती तेवढ्या वाढत नाहीत. आपल्या बेडरूमला साडेतीनपट म्हणजे ४२० येतात. कपाट नसतं तर दारं-खिडकी वजा करून भिंती आणि छत मिळून ४५९ भरले असते, कपाट धरलं तर ३७५ भरतात. ठोकताळा बरोबर मध्ये पडतो. २० बाय ११ चा हॉल घेतला तर तो ७७० म्हणतो. मोजायला गेलं तर भिंती ५५८, त्यातून मुख्य दार, बाल्कनीचा सरकता दरवाजा आणि आत जायची मोकळी जागा मिळून १०३ गेले, छताचे २२० आले, एकूण ६७५. एका हॉलमध्ये ९५ चौरस फुटांचा फरक. दर समजा २५ रुपये असेल तर २३७५ रुपये. भरपूर पक्की कपाटं आणि टाइल्स असलेल्या आजच्या फ्लॅटमध्ये साडेतीनपट जास्तीच्या बाजूला झुकते. रिकाम्या, लहान लहान खोल्यांच्या जुन्या घरात ती कमीही पडू शकते, आणि तेव्हा पेंटर स्वतःच टेप काढतो.

खरेदी करताना एक काळजी घ्यावी. मशीनवर मिसळून घेतलेली छटा एका खोलीसाठी एकाच वेळी आणावी. नंतर आणलेला एक लिटर त्याच नंबरचा असूनही किंचित वेगळा दिसू शकतो. दोन डबे असतील तर काम सुरू करायच्या आधी मोठ्या बादलीत एकत्र ढवळून घ्यावेत. तरीही रंग कमी पडलाच तर नवा डबा भिंतीच्या मध्यावर सुरू न करता कोपऱ्यापासून सुरू करावा, तिथे फरक नजरेत येत नाही. उरलेला अर्धा लिटर झाकण घट्ट लावून, डब्यावर छटेचा नंबर आणि खोलीचं नाव लिहून ठेवावा.

मजुरीचं बोलताना वाद टाळायचा असेल तर एका कागदावर चार गोष्टी लिहून घ्या: माप भरीव धरलं आहे की दारं-खिडक्या वजा करून, आणि वजा तर पूर्ण की अर्धी, पक्की कपाटं आणि टाइल्स सोडल्या आहेत का, प्रायमर किती हात आणि रंग किती हात, आणि प्रत्येक खोलीला किती लिटर रंग लागणार. रंग शक्यतो तुम्ही आणा किंवा सीलबंद डबे तुमच्यासमोर उघडायला सांगा. भरीव मापाचा दर कमी आणि वजा मापाचा दर जास्त असेल तर दोन्हींचे एकूण रुपये काढून तुलना करा, नुसता दर बघू नका. कागदावर दोघांच्या सह्या झाल्या की मग ॲडव्हान्स द्या.